कीचकाचा डोळा
(चेन्नई येथील मराठी रसिकांसमोर दिलेले स्मृतिव्याख्यान)



किल्पॉक-पुरसैवाक्कमच्या बाजूने, मिलर्स रोडवरून रोज जाणारे-येणारे दहा-बाराजण तरी या सभागृहात असतील. त्या रस्त्यावर शंभराहून अधिक वर्षांपूर्वी आर. नटराज मुदलियार या गृहस्थांनी स्टुडिओ थाटला होता. मुळात हे मोटारींच्या सुट्या भागांचे व्यापारी. कॅमेरा चालवायला ते शिकले आपल्या पुण्यात, स्ट्युअर्ट स्मिथ नावाच्या इंग्रज छायाचित्रकाराकडे. मद्रासला परतून १९१७-१८च्या सुमारास त्यांनी दक्षिणेतला पहिला मूक कथापट काढला. त्याचं नाव ‘कीचकवधम्’.

मराठी माणसाला हे नाव ऐकल्यावर आधी खाडिलकर आठवतात. त्यांचं ‘कीचकवध’ १९०७ साली रंगभूमीवर आलं, लोकांनी कीचकात लॉर्ड कर्झन पाहिला आणि १९१० साली सरकारने नाटकावर बंदी घातली. पण मला आज राजकारणातला कीचक नको आहे. मला मूळ कथेतला कीचक हवा आहे, कारण त्याचा गुन्हा डोळ्यांपासून सुरू होतो. विराटाच्या अंतःपुरात दासीच्या वेषात वावरणारी सैरंध्री त्याच्या नजरेस पडते. तो तिला न्याहाळतो, बहिणीकडून तिला मद्य आणायच्या निमित्ताने आपल्या महालात पाठवून घेतो, आणि शेवटी नृत्यशाळेत भीमाच्या हातून मरतो.

आता तुम्ही मुदलियारांच्या जागी उभे राहा. कॅमेरा तिपाईवर आहे. कीचक सैरंध्रीला पहिल्यांदा पाहतो तो प्रसंग घ्यायचा आहे. कॅमेरा कुठे ठेवाल? तिच्या खांद्यामागे ठेवला तर प्रेक्षकाला कीचकाचे डोळे दिसतील आणि भीती वाटेल. कीचकाच्या डोळ्यांजवळ ठेवला तर सैरंध्री दिसेल, तिची कंबर, तिचा पदर, आणि प्रेक्षकाला मजा वाटेल. कथा दोन्हीकडे तीच, शेवटही तोच. फक्त दुसऱ्या प्रकारात कीचक मरतो आणि त्याने पाहिलेलं दृश्य मात्र प्रेक्षक खिशात घालून घरी जातो.

मला जे सांगायचं आहे ते एवढंच आहे. आपला सिनेमा कीचकाला शिक्षा करण्यात कधीच कमी पडला नाही. तो त्याचा डोळा तेवढा उसना घेतो आणि परत करायचं विसरतो.

या गोष्टीला अभ्यासाच्या भाषेत ‘मेल गेझ’ म्हणतात, आपण पुरुषी नजर म्हणू. हा शब्द प्रचारात आणला लॉरा मल्वी या इंग्रज अभ्यासिकेने, १९७५ साली ‘स्क्रीन’ या नियतकालिकातल्या लेखात. पडद्यासमोर बसलेल्या माणसाच्या बाबतीत तीन नजरा काम करत असतात, असं ती म्हणते. एक कॅमेऱ्याची, दुसरी प्रेक्षकाची, तिसरी पडद्यावरची पात्रं एकमेकांकडे पाहतात ती. लोकप्रिय सिनेमा पहिल्या दोन लपवतो आणि तिसरीच्या पाठीमागे उभ्या करतो. नायक पाहतो, म्हणून आपण पाहतो. नायकाने पाहिलं हे आपल्या पाहण्याचं परमिट.

हा लेख मनोविश्लेषणाच्या जड भाषेत आहे. ती भाषा तुम्ही बाजूला ठेवलीत तरी माझी हरकत नाही. पण परमिटाची कल्पना तपासता येते, आणि ती शॉटच्या पातळीवरच तपासावी लागते. ‘या चित्रपटात बाईचं चित्रण वाईट आहे’ असं म्हणून काही सिद्ध होत नाही. कपडे किती होते यावरून तर मुळीच नाही.

कपड्यांचा मुद्दा निघालाच आहे म्हणून सांगतो. फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’चा जो भाग शिल्लक आहे (तो १९१३चा की १९१७ साली पुन्हा केलेल्या आवृत्तीचा, यावर जाणकारांत वाद आहे), त्यात हौदाचं एक दृश्य आहे. राणी तारामती सख्यांबरोबर पाण्यात खेळते आहे आणि राजा तिला बोलवायला येतो. भिजलेल्या साड्या अंगाला चिकटलेल्या. आणि त्या साड्यांच्या आत सगळे पुरुष आहेत! सिनेमात काम करायला बाई मिळेना म्हणून फाळक्यांनी ग्रँट रोडच्या हॉटेलात काम करणाऱ्या अण्णा साळुंकेंना तारामती केलं होतं. म्हणजे आपल्या पडद्यावरच्या पहिल्यावहिल्या ओल्या साडीच्या दृश्यात बाईच नव्हती. नजरेची मांडणी मात्र पूर्ण होती. बाई त्या मांडणीत नंतर आली.

तर शॉट कसा वाचायचा? मी जी पद्धत वापरतो ती अगदी साधी आहे. दृश्याचा आवाज बंद करायचा. गाणं असेल तर हे फारच जरुरीचं, कारण चाल आपल्याला फितवते. मग एकेका कटला थांबून कागदावर चार गोष्टी लिहायच्या. चौकटीत काय आहे. कॅमेरा किती उंचीवर आणि किती अंतरावर आहे. आधीच्या शॉटमध्ये कोण, कुठे बघत होतं. आणि पुढच्या शॉटमध्ये त्या नजरेला उत्तर मिळालं का.

एक नमुना करून दाखवतो. हे कुठल्या एका चित्रपटातलं दृश्य नव्हे. कोडंबाक्कमपासून अंधेरीपर्यंत शेकडो वेळा घेतलेलं आहे, तुम्ही डोळे मिटलेत तरी दिसेल. कॉलेजच्या फाटकासमोर कट्ट्यावर नायक मित्रांबरोबर बसला आहे. रस्त्यापलीकडे बस थांबते. पहिला शॉट: नायक, छातीपर्यंत, उजवीकडे पाहतो आणि बोलता बोलता थांबतो. दुसरा: बसच्या पायरीवरून उतरणारं पाऊल, पैंजण. तिसरा: कंबर, पदराची कड, वाऱ्याने हललेली. चौथा: मानेवरून पुढे येणारी वेणी. पाचवा: पुन्हा नायक, तोंड उघडं. सहावा: मुलीचा चेहरा, वेग निम्म्यावर आणलेला, आणि रस्त्यावर कुठेच नसलेला पंख्याचा वारा.

मी तरुण मुलामुलींना हे दृश्य दाखवतो तेव्हा ती ताबडतोब म्हणतात, सर, बाईचे तुकडे केलेत. बरोबर आहे. पण ते अर्धंच झालं. मी त्यांना दुसरा रकाना पाहायला लावतो, अंतराचा. नायक कट्ट्यावर बसला आहे आणि बस रस्त्यापलीकडे आहे. मध्ये निदान पन्नास फूट. तिसऱ्या शॉटमधली कंबर मात्र तीन फुटांवरून, कंबरेच्याच उंचीवरून घेतलेली आहे. कट्ट्यावर बसलेल्या माणसाला ती तशी दिसणं शक्यच नाही. मग ती कोणाला दिसली?

एका वर्गात मागच्या बाकावरच्या मुलीने याचं फार चांगलं उत्तर दिलं होतं. ती म्हणाली, “सर, हा शॉट बसमध्ये माझ्या मागे उभा राहतो त्याचा आहे.”

नायकाच्या नजरेचा आपण फक्त दाखला घेतला. प्रत्यक्षात जे पाहिलं ते नायकानेही पाहिलेलं नाही. पहिला आणि पाचवा शॉट हे कुलमुखत्यारपत्र आहे, ते दाखवून मधले तीन आपण आपल्या नावावर करून घेतो. अशा दृश्यात नायक सज्जन असला तरी फरक पडत नाही तो यामुळेच. पुढे तो गुंडांपासून त्याच मुलीला वाचवील. तेव्हा गुंडांच्या बाजूनेही कॅमेरा पुन्हा तेच तीन शॉट घेईल, आणि मग भीम येईल.

यावर मला हमखास विचारला जाणारा प्रश्न असा: तुकडे काय फक्त बाईचे होतात? रजनीकांतचे होत नाहीत?

होतात की. आणि या शहरात राहून तो प्रश्न टाळणं म्हणजे मरिनावर जाऊन समुद्राकडे पाठ करणं. रजनीकांतचा, म्हणजे आपल्या शिवाजीराव गायकवाडांचा पहिला चित्रपट, के. बालचंदर यांचा ‘अपूर्व रागंगळ’, आला १९७५च्या ऑगस्टमध्ये. मल्वीबाईंचा लेखही त्याच वर्षीचा. हा निव्वळ योगायोग, पण मला आवडतो. त्यात त्यांचं पडद्यावर पहिलं येणं म्हणजे फाटकाची दोन्ही दारं ढकलून आत येणं. पुढे त्यांच्या प्रवेशाचा एक विधीच ठरून गेला. आधी बूट, मग हात, मग केसांवरून फिरणारी बोटं, पाठ, आणि सगळं थिएटर शिट्ट्यांनी फुटायच्या बेताला आलं की चेहरा.

वरवर पाहता हे बसमधून उतरणाऱ्या मुलीसारखंच आहे. आता मघाचे चार रकाने भरा. बूट जमिनीवर पडतो आणि धूळ उडते. हात पुढे येतो आणि कुणाची तरी मूठ हवेत अडवतो. बोटं फिरतात ती चष्मा नाहीतर सिगारेट फिरवतात. प्रत्येक तुकडा काहीतरी करतो. मुलीचा पाय, कंबर, वेणी यातलं एकही काही करत नाही. फार तर वाऱ्याने हलतं. व्याकरणात सांगायचं तर त्याचे तुकडे क्रियापदं आहेत आणि तिचे नामं. कॅमेऱ्याची उंचीही पाहा. त्याच्या बाबतीत तो जमिनीलगत, वर पाहणारा. देवळात पडदा बाजूला होईपर्यंत भाविक ज्या उंचीवर असतो, त्या उंचीचा. चेहरा उशिरा दाखवायचा तो दर्शनासाठी. आणि मधले प्रतिक्रियेचे शॉट वासनेचे नसतात. गर्दीतले चेहरे घाबरलेले किंवा भारावलेले असतात. या शहरात कटआउटला दुधाचा अभिषेक होतो तो या कॅमेऱ्याच्या उंचीमुळे, असं मी म्हटलं तर थोडी अतिशयोक्ती होईल. थोडीच.

तेव्हा, तुकडे करणं हा गुन्ह्याचा पुरावा नव्हे. तुकडा काय करतो आणि तो कुठून पाहिला, हा पुरावा.

आता एक पूर्ण चित्रपट या नजरेने पाहू. के. एस. रविकुमार यांचा ‘पडयप्पा’, १९९९. इथे बसलेल्या निम्म्या लोकांना तो पाठ असेल. त्यात दोन बायका आहेत. सौंदर्याने केलेली वसुंधरा ही घरात कामाला असलेली मुलगी, डोळे खाली. रम्या कृष्णनने केलेली नीलांबरी ही तिची मालकीण. नीलांबरी काय करते? ती पडयप्पाकडे पाहते. उघडपणे, हक्काने, पाहत राहते. हा पुरुष मला हवा, असं डोळ्यांनी सांगते. तमिळ नायकाने शेकडो चित्रपटांत केलेलं काम, ते एक बाई करते. आणि चित्रपट तिला खलनायिका ठरवतो. नायिका होण्याचा मान खाली पाहणारीला मिळतो. नीलांबरीला बाईने कसं असावं यावर नायक भाषण ऐकवतो, पुढे ती वर्षानुवर्षं स्वतःला कोंडून घेते आणि अखेरीस स्वतःचा जीव घेते.

आणि तरी झोपाळ्याचा प्रसंग पाहा. पडयप्पा तिच्या घरी येतो. ती खुर्चीत, पायावर पाय टाकून. दुसरी खुर्ची मुद्दाम ठेवलेली नाही. आपल्याकडेही पाटलाच्या वाड्यात कोण बसतं आणि कोण उभं राहतं हे ठरलेलंच असे, त्यामुळे अपमान समजायला भाषांतर लागत नाही. पडयप्पा इकडेतिकडे पाहतो. वर छताशी गुंडाळून ठेवलेला झोपाळा त्याला दिसतो. खांद्यावरचं उपरणं तो वर फेकतो, झोपाळा खाली ओढतो आणि त्यावर बसतो, पायावर पाय टाकून. संवाद काढून टाकला तरी प्रसंग पूर्ण कळतो, कारण तो सगळा डोळ्यांच्या पातळीचा आहे. उभा असताना तो तिच्यासमोर नोकर आहे. बसला की दोघांचे डोळे समोरासमोर येतात, आणि झोपाळा हलायला लागला की जागा त्याची होते. बाई पाहते आहे हेच इथलं संकट आहे, आणि झोपाळा हा त्यावरचा उपाय आहे.

गंमत म्हणजे लोकांच्या लक्षात राहिली ती नीलांबरीच. त्या भूमिकेसाठी रम्या कृष्णनला फिल्मफेअरही मिळालं. चित्रपट शिक्षा ठोठावतो आणि प्रेक्षक, विशेषतः प्रेक्षक बायका, दुसराच निकाल देतात. मल्वीच्या मूळ लेखात अशा प्रेक्षक बाईला जागा नव्हती. लोकांनी तसं दाखवून दिल्यावर तिने १९८१ साली त्यावर पुन्हा लिहिलं. सिद्धांत मांडून तो दुरुस्त करणारी माणसं मला आवडतात.

‘पडयप्पा’च्या एकवीस वर्षं आधी, १९७८च्या दिवाळीत याच शहरातून ‘अवळ अप्पडित्तान’ आला. दिग्दर्शक सी. रुद्रय्या, इथल्याच फिल्म इन्स्टिट्यूटमधले. चित्रपट रंगीत करण्याच्या दिवसांत त्यांनी तो कृष्णधवल केला आणि आयुष्यात पुढे एकच चित्रपट करू शकले. श्रीप्रिया मंजू आहे, जाहिरात कंपनीत काम करणारी, पुरुषांकडून पुन्हा पुन्हा पोळलेली. कमल हासन अरुण आहे, बायकांवर माहितीपट काढणारा सहृदय माणूस. रजनीकांत तिचा बॉस त्यागू, कपाळाला विभूती आणि नजरेत बिनदिक्कत हिशेब.

इथे कीचक उघड आहे, त्यामुळे तो सोपा आहे. अवघड आहे तो अरुण. त्याच्या हातात कॅमेरा आहे आणि त्याचा हेतू चांगला आहे. तो बायकांना प्रश्न विचारतो, उत्तरं टिपतो, मंजूला समजून घेऊ पाहतो. चित्रपट दोघांना बराच वेळ एका चौकटीत बोलत ठेवतो, तिचा चेहरा पाहायला आपल्याला वेळ देतो. तिच्या शरीराचे तुकडे करणारा कट मला तरी त्यात खटकला नाही. आणि तरीही तिचं काही होत नाही. शेवटी अरुण गावाकडच्या एका साध्या मुलीशी लग्न करून येतो. गाडीत मंजू त्या नव्या नवरीला विचारते, स्त्रीमुक्तीबद्दल तुला काय वाटतं? ती म्हणते, मला त्यातलं काही ठाऊक नाही. म्हणूनच तू सुखी आहेस, असं मंजू म्हणते. मग ती रस्त्यावर उतरते आणि गाडी पुढे जाते. तिच्याविषयी जे शेवटचं भाष्य कानावर पडतं ते तिच्याशी नव्हे, तिच्याबद्दल बोलणारं आहे. शीर्षकाचा अर्थच मुळी ‘ती तशीच आहे’. तृतीयपुरुषी. सहृदय नजरही बाईला ‘ती’च ठेवते, हे रुद्रय्यांनी ओळखलं होतं, आणि ते त्यांनी स्वतःच्या चित्रपटाच्या नावात कबूल केलं.

आता घरी, करमाळ्याकडे वळू. नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’, २०१६. पुरुषी नजरेचं हत्यार इथे अपुरं पडतं, म्हणूनच मी तो शेवटी ठेवला आहे.

विहिरीचा प्रसंग आठवा. आर्ची मैत्रिणींबरोबर विहिरीत पोहते आहे हे कळल्यावर पर्शा धावत सुटतो. बसमधल्या मुलीसाठी राखून ठेवलेला मंद वेग इथे मुलाच्या वाट्याला येतो. रानातून पळणारं, उघडं होत जाणारं शरीर त्याचं आहे. तो विहिरीत उडी टाकतो, आणि ती त्याला बाहेर काढते. फाळक्यांच्या हौदात राजा काठावर उभा राहून बोलवत होता. इथे पाण्यातली मुलगी काठाचे नियम सांगते.

पण खरा प्रसंग वर्गातला. आर्ची पर्शाकडे टक लावून पाहते. एक कट त्याच्यावर, तो चुळबुळतो. पुन्हा ती, नजर तशीच. पुन्हा तो, आता डोळे चुकवतो. चौथा रकाना, उत्तराचा, इथे उलटा भरला जातो. हिचकॉकच्या ‘रिअर विंडो’त खुनी माणूस अचानक वर पाहून थेट भिंगात बघतो तेव्हा लपून पाहणाऱ्या नायकाच्या पोटात गोळा येतो. आर्चीची नजर त्या जातीची आहे.

आणि इथे ‘जात’ हा शब्द मी सहज वापरला, पण तो सहज नाही. आर्ची पाहू शकते कारण ती पाटलाची मुलगी आहे. बुलेट, ट्रॅक्टर आणि ती नजर, सगळं एकाच वाड्यातून आलेलं आहे. पर्शा पारध्याचा मुलगा. त्याने तिच्याकडे पाहणं हे कट्ट्यावरच्या नायकाचं पाहणं नव्हे. त्या पाहण्याची किंमत जीव आहे. पुरुष म्हणून त्याच्याकडे नजर आहे, पण पाहण्याचा हक्क नाही. मग दोघं हैदराबादला पळून जातात. वाडा सुटतो आणि आर्चीची नजर खाली येते. झोपडपट्टीत जातीचा दाखला कुणी विचारत नाही, तसा पर्शा नवरा होत जातो, संशय घेतो, भर रस्त्यात तिच्यावर हात उचलतो. जात मागे पडताच पुरुषाची नजर त्याला परत मिळाली, असं मी ते वाचतो. ‘सैराट’ ही प्रेमकथा म्हणून पाहणाऱ्यांना हा मधला भाग रेंगाळलेला वाटला होता. माझ्या मते चित्रपट तिथेच सगळ्यात धीट आहे.

कृष्णवर्णीय लेखिका बेल हुक्स हिने १९९२ साली जवळपास हाच आक्षेप मल्वीच्या मांडणीवर घेतला होता: गुलामांना मालकाकडे नुसतं पाहण्याबद्दल शिक्षा होत असे, तेव्हा ‘पुरुष पाहतो, बाई पाहिली जाते’ एवढ्याने भागत नाही; कोणता पुरुष आणि कोणती बाई, ते विचारा. तिचं ऐकून मी माझ्या कागदावर पाचवा रकाना आखला. पाहणाऱ्याला या दृश्यात पाहण्याची परवानगी कोणी दिली?

मिलर्स रोडवर आता स्टुडिओची काही खूण नाही. ‘कीचकवधम्’ची एकही प्रत कुठे शिल्लक नाही. पुण्यात शिकलेल्या त्या हातांनी तिपाई सैरंध्रीच्या मागे रोवली होती की कीचकाच्या शेजारी, हे आता कोणालाच पाहता येणार नाही.